मिक्सर बंद पडल्यावर वाचायचं कार्ड

वॉरंटी कार्ड माणूस एकदाच वाचतो, आणि तेही वस्तू बिघडल्यावर. नवा मिक्सर घरी येतो तेव्हा खोकं उघडून भांडी मोजली जातात, एखादी चटणी वाटून बघितली जाते आणि कार्ड माहितीपुस्तिकेसकट प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन कपाटात पडतं. दीड-दोन वर्षांनी कधीतरी, सणाच्या आदल्या दिवशी, खोबरं-मिरची फिरवताना जळका वास येतो, मिक्सर घरघरतो आणि थांबतो. मग ती पिशवी शोधली जाते. ती शोधणाऱ्याला चारच गोष्टी हव्या असतात: वॉरंटी अजून चालू आहे का, हा बिघाड तिच्यात बसतो का, आता करायचं काय आणि फोन कुणाला लावायचा.

बाजारातली बहुतेक कार्डं या चार गोष्टी सांगतात, पण भलत्याच क्रमाने. आधी ‘अभिनंदन, आपण योग्य निवड केली आहे’. मग कंपनीचं कौतुक. मग बारीक अक्षरात बारा-चौदा कलमं. त्यांच्याखाली दुकानदाराच्या शिक्क्याची चौकट, आणि फोन नंबर घडीच्या आतल्या पानावर, जिथे घडी मोडते नेमका तिथे. हे असं होतं कारण कार्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर नसतं, भांडण असतं. कायदा विभागाने उद्याच्या तक्रारीपासून बचाव म्हणून मजकूर लिहिला, भाषांतर करणाराने तो शब्दाला शब्द ठेवून उतरवला, आणि छापखान्याने उरलेल्या जागेत बसवला. तिघांनी आपापलं काम केलं. वाचणारा मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हता.

असं एक कार्ड नव्याने कसं बांधता येईल ते नीट पाहू. नमुना म्हणून घेतलंय घरगुती मिक्सरचं कार्ड: ७५० वॉटचं यंत्र, तीन भांडी, संपूर्ण यंत्रावर २ वर्षं आणि मोटरवर ५ वर्षं वॉरंटी. हे कुण्या एका कंपनीचं कार्ड नव्हे. अशा कार्डांवर नेहमी भेटणारी वाक्यं एकत्र करून ते मांडलं आहे.

जुन्या कार्डाचं पहिलं कलम साधारण असं असतं: ‘कंपनी याद्वारे हमी देते की सदर उत्पादन खरेदीच्या दिनांकापासून २४ महिन्यांच्या कालावधीत सदोष सामग्री अथवा कारागिरीमुळे उद्भवणाऱ्या दोषांपासून मुक्त राहील, तसेच मोटरच्या बाबतीत सदर कालावधी ६० महिने राहील, मात्र कलम ४, ६, ९ व ११ मधील अटींच्या अधीन.’ पहिल्या वाचनात यातून दोन आकडे हाती लागतात, २४ आणि ६०. ते महिन्यांत असल्यामुळे डोक्यात वर्षांचा भागाकार करावा लागतो. खरी गोम शेवटच्या चार आकड्यांत आहे, आणि तिथवर कुणी पोचत नाही.

नव्या मांडणीचं पहिलं काम संगणकावर होत नाही, कात्रीने होतं. जुन्या कार्डावरचं एकूण एक वाक्य वेगळं कापून टेबलावर पसरायचं आणि प्रत्येकाला विचारायचं की तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहेस. काय दुरुस्त करून मिळेल, काय मिळणार नाही, मी काय करायचं, कुणाशी बोलायचं, असे चार ढीग होतात. पाचवा ढीग कशाचंच उत्तर नसलेल्या वाक्यांचा, आणि तो भरघोस असतो. अभिनंदन त्यात जातं, कंपनीचा इतिहास जातो, ‘आपल्या सेवेसाठी सदैव तत्पर’ जातं. हा ढीग सरळ उचलून टाकला तरी कुणाचा हक्क बुडत नाही, आणि अक्षर मोठं करायला जागा मिळते.

कापाकापीत आणखी एक गोष्ट उघडी पडते. एकाच मुद्द्यावरची वाक्यं तीन ठिकाणी विखुरलेली असतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या नमुन्यात पहिलं कलम म्हणतं की मोटरवर ५ वर्षं. नववं म्हणतं की २ वर्षांनंतर मजुरी आणि ने-आण ग्राहकाच्या खर्चाने. चौथं म्हणतं की कार्बन ब्रश, कपलर आणि रबरी भाग वॉरंटीत नाहीत. तिन्ही कलमं खरी आहेत, पण ती एकत्र वाचल्याशिवाय ‘मोटरवर ५ वर्षं’ याचा अर्थ लागत नाही. घरातल्या माणसाच्या लेखी भांड्याखालचा सगळा डबा म्हणजे मोटर. कंपनीच्या लेखी मोटर म्हणजे फक्त आर्मेचर आणि फील्ड कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेची ती गुंडाळणी, जी जळाली की घरभर वास सुटतो. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन तुकडे घासून झिजतात, ते कंपनी मोटरमध्ये धरत नाही. मोटरच्या दांड्यावर बसणारा आणि भांड्याचं पातं फिरवणारा कपलरही धरत नाही. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो, म्हणजे भांड्यात काही अडकलं तर कपलर तुटावा आणि मोटर वाचावी. आता चौथ्या वर्षी कार्बन संपून मिक्सर बंद पडला की ग्राहक कार्ड दाखवतो, केंद्रातला माणूस चौथ्या कलमावर बोट ठेवतो, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

म्हणून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे दोन ढीग कार्डावर वेगवेगळ्या ठिकाणी छापायचे नाहीत. वगळलेली गोष्ट जिच्यातून वगळली, तिच्याच ओळीत यायला हवी. त्यासाठी कलमांऐवजी तक्ता उपयोगी पडतो, आणि तक्त्याच्या ओळी यंत्राच्या भागांच्या असाव्यात, कारण बिघडतो तो भाग. ‘सदोष सामग्री’ कुणाला दिसत नाही. तुटलेला कपलर दिसतो. पुढच्या बाजूचा मजकूर मग असा होतो:

मोटर (आर्मेचर आणि फील्ड कॉइल): ५ वर्षं. पहिली २ वर्षं सगळं मोफत. तिसऱ्या वर्षापासून नवी मोटर मोफत, मजुरी आणि ने-आण तुमच्या खर्चाने.
स्विच, वायर, बाहेरची बॉडी: २ वर्षं. तडा गेला किंवा फुटलं तर नाही.
भांड्यांचे जोड आणि पात्यांची बैठक: २ वर्षं. गळत असेल तर मोफत दुरुस्ती.
पात्यांची धार, कार्बन ब्रश, कपलर, वायसर, झाकणं: वॉरंटी नाही. हे भाग वापराने झिजतात, केंद्रात विकत मिळतात.

चार ओळी झाल्या. यात ‘मात्र’ नाही आणि ‘अधीन’ही नाही. तिसऱ्या वर्षापासून मजुरी द्यावी लागते हे कळल्याने कुणी खूश होणार नाही, पण ते दुकानातच कळतं, केंद्राच्या खिडकीशी नाही. विक्री विभाग इथे हमखास कुरकुरतो. ‘मोटरवर ५ वर्षं’ हे खोक्यावर ठळक छापलेलं असतं, आणि मजुरीची ओळ त्याच्याच शेजारी आली की त्या आकड्याची झळाळी कमी होते. ती होऊ द्यावी. झळाळी टिकवायची असेल तर मजुरीही पाच वर्षं मोफत द्यावी. ती अट बारीक अक्षरात लपवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मजुरीची ही गोष्ट कार्डावर असावी असा आग्रह अमेरिकेने फार पूर्वी धरला. तिथे १९७५ साली मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आला. त्या कायद्याने वॉरंटी साध्या, सहज कळेल अशा भाषेत लिहिण्याची सक्ती केली. त्याखालच्या नियमांत तर काय काय सांगायचं त्याची यादीच आहे: कुठले भाग येतात, कुठले येत नाहीत, कंपनी कशाचा खर्च उचलेल आणि कशाचा नाही, मुदत कधी सुरू होते, आणि दावा करायच्या पायऱ्या एकेक करून. आपलं कार्ड नव्याने बांधताना ही यादी शेजारी ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे वॉरंटी कार्डाचा असा ठरलेला साचा नाही, त्यामुळे जबाबदारी कार्ड करणाऱ्यावर येते.

तक्त्यात भाग आले. वापराबद्दलच्या अटी उरल्या, आणि खरी मेहनत त्यांच्यावर आहे. ‘अयोग्य वापर, निष्काळजीपणा, अतिभार, व्होल्टेजमधील चढउतार, व्यावसायिक वापर, अनधिकृत व्यक्तीकडून दुरुस्ती, कीटक अथवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे झालेले नुकसान’ हे वाक्य जवळपास सगळीकडे सापडतं. ते लहान वाक्यांत तोडलं म्हणजे काम झालं, असं वाटतं. होत नाही, कारण ‘अयोग्य वापर’ मोठ्या अक्षरात छापला तरी तितकाच संदिग्ध राहतो. अशा प्रत्येक अटीला एक कसोटी लावावी: केंद्रातला मेकॅनिक यंत्र उघडून हे ग्राहकाला दाखवू शकतो का? यंत्र आधी कुणी उघडलं असेल तर स्क्रूवरचं सील तुटलेलं दिसतं. आत पाणी गेलं असेल तर गंज आणि पाण्याचे डाग दिसतात. पडून फुटलं असेल तर फुटलेली कड दिसते. या अटी ठेवाव्यात आणि मेकॅनिक जे दाखवू शकतो त्याच शब्दांत लिहाव्यात: ‘तळाचं सील तुटलेलं असेल तर’, ‘आत पाणी गेलं असेल तर’.

अतिभार जरा अवघड. घरगुती मिक्सर सतत चालवण्यासाठी नसतो. साधारणपणे पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबवायचं असतं, आणि हे पुस्तिकेत कुठेतरी लिहिलेलं असतं. तारेवरचं वार्निश काळं पडलं की मोटर तापली हे मेकॅनिक सांगू शकतो. पण ती ग्राहकाने थांबा न घेता दळल्याने तापली की मुळात गुंडाळणीतच खोट होती, हे त्या काळेपणावरून नेहमीच कळत नाही. म्हणून कार्डावर नियम आकड्यात द्यावा: ‘५ मिनिटं चालवा, २ मिनिटं थांबवा’. ग्राहकाला काय पाळायचं ते कळतं, आणि कंपनीला ‘अयोग्य’ म्हणायला निदान एक माप मिळतं. व्होल्टेजचं काय? ग्राहकाला घरातलं व्होल्टेज मोजता येत नाही आणि मेकॅनिकला दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारचं व्होल्टेज दाखवता येत नाही. जी अट कुणीच सिद्ध करू शकत नाही, तिचा उपयोग नाही म्हणण्यापुरताच होतो. ती काढून टाकण्याची शिफारस करावी. कंपनीने ठेवायचीच म्हटलं तर निदान कुणाच्या सांगण्यावरून ते ठरेल, हे लिहून मागावं.

‘व्यावसायिक वापर’ या दोन शब्दांत तर अर्धा महाराष्ट्र अडकतो. हॉटेल, खानावळ, वडापावची गाडी यांना घरगुती मिक्सरची वॉरंटी नाही, हे समजण्यासारखं आहे. पण घरून चार डबे देणाऱ्या काकूंचं काय? उन्हाळ्यात ओळखीच्या आठ घरांना मसाला करून देणाऱ्या मावशींचं काय? दिवाळीत चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घेणारीचं काय? हा प्रश्न कार्ड लिहिणाऱ्याने कंपनीला विचारला की बऱ्याचदा शांतता पसरते, कारण कंपनीने ते ठरवलेलंच नसतं. त्या त्या केंद्रातला माणूस आपल्या मनाने ठरवत असतो: एकाकडे काकूंना मोटर मिळते, दुसरीकडे मिळत नाही. कार्ड वाचनीय करण्याच्या कामात सर्वांत मोलाचा भाग हाच असावा असं मला वाटतं. अवघड वाक्य सोपं करायला गेलं की कळतं, मागे निर्णयच नाही. मग अक्षरं बाजूला ठेवून आधी निर्णय घ्यायला लावावा लागतो. तो काहीही असो, लिहिता येतो: ‘दुकान, हॉटेल किंवा खानावळीत वापरलेल्या मिक्सरला वॉरंटी नाही. घरून डबे किंवा मसाला करून देत असाल तर आहे.’ किंवा नाही तर नाही.

दावा करायच्या पायऱ्या लिहिताना पहिली पायरी फोनची नसावी. मिक्सरच्या तळाशी एक लहानसं लाल बटण असतं, अतिभार संरक्षकाचं. मोटरवर भार वाढला की ते सुटतं आणि वीज तोडतं. भांडं काढून, थोडं थांबून ते दाबलं की मिक्सर पुन्हा चालू होतो. अनेकांना हे बटण आहे हेच माहीत नसतं आणि धडधाकट यंत्र उचलून केंद्रात नेलं जातं. म्हणून पहिली ओळ अशी: ‘मिक्सर बंद पडला? प्लग काढा, भांडं काढा, दहा मिनिटांनी तळाचं लाल बटण दाबा.’ शेजारी बटण कुठे असतं त्याचं रेखाचित्र. पुढच्या पायऱ्या: बिल आणि तळाच्या पट्टीवरचा अनुक्रमांक हाताशी ठेवा, फोन करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या, मिक्सर केंद्रात द्या, सोबत फक्त बिघडलेलं भांडं न्या, पोचपावती घ्या, इतक्या दिवसांत परत मिळेल, न मिळाल्यास या नंबरावर सांगा. ‘इतक्या’च्या जागी आकडा हवा. ‘लवकरात लवकर’ चालणार नाही. इथेही कंपनीला आधी आकडा ठरवावा लागतो.

फोन नंबर कार्डाच्या पुढच्या बाजूला, वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरात असावा, आणि तोच यंत्राच्या तळाच्या पट्टीवरही असावा. कार्ड हरवतं, पट्टी हरवत नाही. यामागे सोयीपेक्षा मोठं कारण आहे. कार्ड सापडलं नाही की लोक कंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर नंबर शोधतात, आणि तिथे ग्राहकसेवेच्या नावाने टाकलेले खोटे नंबर सापडतात. पलीकडचा माणूस दहा रुपये नोंदणी शुल्क म्हणून एखादी लिंक पाठवतो आणि बँकेचं खातं रिकामं करतो. छापलेला खरा नंबर हा यावरचा सगळ्यांत स्वस्त बंदोबस्त. सोबत एक ओळ जोडावी: ‘आमचा माणूस ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीही विचारत नाही.’ मराठी कार्डावरसुद्धा हा नंबर मोबाइलच्या बटणांवर असतात त्याच अंकांत छापावा, म्हणजे बघून तसाच दाबता येतो. यंत्राचा अनुक्रमांकही पट्टीवर जसा असेल तसाच.

तक्रार करण्यासाठीचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल खोक्यावर छापणं २०११ च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार बंधनकारकच आहे. पण खोकं महिनाभरात रद्दीवाल्याकडे जातं. तीच माहिती कार्डावर आणायला वेगळा खर्च लागत नाही.

कायदा विभागाच्या बऱ्याच ओळी मागच्या बाजूला वाचता येईल अशा अक्षरात ठेवता येतात, पण एक ओळ मात्र पुढूनही जावी आणि मागूनही: ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयीन कक्षेत.’ २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. गडचिरोलीच्या ग्राहकाने ही ओळ वाचून मिक्सरसाठी दिल्लीला जायचं का, असा विचार करून तक्रारच सोडली, तर ओळीने आपलं काम केलं असंच म्हणायचं. त्या जागी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर टाकावा. तक्रार साधारण दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क लागत नाही. मिक्सर पाच लाखांच्या कितीतरी खाली बसतो. एवढं कंपनी स्वतःहून छापेल अशी अपेक्षा फार आहे, पण निदान उलटं छापू नये.

दुकानदाराने भरायची चौकट जुन्या कार्डावर सगळ्यांत मोठी असते आणि बहुतेक वेळा कोरी राहते. तिथे अनुक्रमांक, मॉडेल, बिल क्रमांक, तारीख, सही, शिक्का असं सगळं मागितलेलं असतं, आणि खाली बजावलेलं असतं की शिक्का नसेल तर वॉरंटी नाही. दिवाळीच्या गर्दीत दुकानदार हे भरत नाही, आणि ऑनलाइन घेतलेल्या मिक्सरला शिक्का मारणार तरी कोण? नव्या कार्डात अनुक्रमांक हाताने लिहायचाच नाही. खोक्यात त्याची दुसरी चिकटपट्टी ठेवली तर ती कार्डावर चिकटवता येते. मॉडेल छापलेलंच असतं. उरते एक तारीख, आणि तिच्याखाली दोन रकाने: ‘सगळ्या यंत्राची वॉरंटी संपते’ आणि ‘मोटरची वॉरंटी संपते’. ते दुकानदार किंवा ग्राहक पहिल्याच दिवशी भरतो. एका नजरेत उत्तर हवं असेल तर हे दोन रकाने सगळ्यात कामाचे, कारण खरेदीची तारीख बघून मुदत मोजत बसण्यापेक्षा संपायची तारीख थेट वाचणं सोपं. आणि शिक्क्याऐवजी बिल हाच पुरावा धरावा.

बिलाची एक अडचण कार्डानेच सांगावी. हल्ली बरीच बिलं थर्मल कागदावर येतात, त्यांची छपाई उष्णतेने होते आणि काही महिन्यांत फिकी पडते. पाच वर्षांच्या मोटरसाठी ती टिकत नाही. काहीजण काळजीने बिल लॅमिनेट करून घेतात, आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने कागद एका क्षणात काळा पडतो. ‘बिलाचा आजच मोबाइलवर फोटो काढा’ ही एक ओळ चौकटीत असली तरी पुरे.

आता अक्षरं. ती शेवटी आणली, कारण सगळ्यांना ती आधी हवी असतात. इंग्रजी कार्डावर ६ पॉइंटचं अक्षर कसंबसं वाचता येतं. देवनागरीत त्या आकाराला ‘क्त’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांसारख्या जोडाक्षरांचे पोटभाग शाईने बुजतात. एकाच पॉइंटला देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान दिसतं आणि वर-खाली मात्रांना जागा लागते. म्हणून मजकूर निदान १० पॉइंट, आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट असावं. त्याहून कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. ओळीच्या दोन्ही कडा सरळ करण्याच्या नादात शब्दांमध्ये भगदाडं पडतात. उजवी कड मोकळी सोडावी. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट अशा बारीक छपाईत स्वच्छ उतरतो आणि मोफत मिळतो. काळ्यावर पांढरी उलटी अक्षरं आणि करड्या छटा टाळाव्यात, कारण स्वस्त छपाईत सगळ्यात आधी त्याच बिघडतात.

कागद चकचकीत आर्टकार्डचा नको. त्यावर बॉलपेनची शाई आणि शिक्का पुसला जातो, आणि भरायची चौकट कामातून जाते. साधा जाडसर मॅपलिथो चालतो, तो स्वस्तही पडतो. आकार ए-५ ठेवला तर घडी घालायची गरज नाही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी एवढंच बसवावं. सहा भाषा कोंबल्या की सहाही वाचता येत नाहीत. इतर राज्यांसाठी दुसरी बाजू बदलून छापावी. क्यूआर कोड हवाच असेल तर दोन सेंटिमीटरहून लहान नको, आणि तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर न्यावा. जाहिरात कंपनीने मोहिमेपुरता बनवलेला पत्ता दीड वर्षात मरतो, आणि कार्डाला पाच वर्षं जगायचं असतं. चार मूळ उत्तरं तर क्यूआरच्या आत कधीच ढकलू नयेत.

तयार कार्ड कंपनीतल्या लोकांना दाखवून ‘कसं वाटतंय’ विचारण्यात अर्थ नाही; सगळे ‘छान’ म्हणतात. सोसायटीतल्या सात-आठ जणांना, चष्मा लागणाऱ्यांनाही, संध्याकाळच्या दिव्यात कार्ड हातात द्यावं आणि प्रसंग सांगावा: मिक्सर घेऊन तीन वर्षं आणि एक महिना झाला, मोटर जळाली, तुम्हाला किती खर्च येईल? बरोबर उत्तर आहे ‘मोटर फुकट, मजुरी आणि ने-आण माझी’. कुणी ‘सगळं फुकट’ म्हणालं तर तक्त्याची पहिली ओळ पुन्हा लिहायची. दुसरा प्रसंग: कपलर तुटला, सहा महिनेच झालेत. तिसरा: मिक्सर बंद पडलाय, पहिलं काय कराल? लाल बटणाऐवजी लोक थेट फोन उचलत असतील, तर पायऱ्यांच्या आधी नंबर इतका मोठा छापल्याचा तो परिणाम असू शकतो; मग नंबराचा आकार तसाच ठेवून बटणाची ओळ त्याच्या वर आणावी. चुका बहुधा तक्त्याच्या शेवटच्या ओळीत सापडतात, कारण तिथे ‘नाही’ असतं आणि डोळा ‘नाही’ ओलांडून पुढे जातो. ती ओळ हलक्या पट्टीवर घेऊन चौकटीने वेगळी केली, तर फरक पडतो का ते पुन्हा तपासावं.

शेवटी कार्डाच्या कोपऱ्यात आवृत्ती आणि महिना छापावा. अटी बदलतात, आणि जुन्या कार्डाच्या अटींवर विकलेल्या मिक्सरला त्याच अटी लागू राहतात. केंद्रातल्या माणसाने कोपरा बघून कुठली आवृत्ती ते ओळखावं, आणि त्या आवृत्तीची एक प्रत त्याच्या खिडकीच्या मागे भिंतीवर लावलेली असावी.